जावयाला कोण विचारणार?

गणेशवाडीच्या फूलबाजारात मालनबाईला फसवणारा अजून जन्माला यायचाय, असं आम्ही सगळ्याजणी म्हणायचो. मी तर लय वेळा म्हटलंय. माझी पाटी तिच्या पाटीला लागून. मी भागीबाई, मोगरा आणि गजरे माझ्याकडं. झेंडू, शेवंती, निशिगंध तिच्याकडं. मखमलाबादच्या तिच्या मळ्यातून पहाटेच माल यायचा. फुलं ताजी दिसावीत म्हणून पाणी मारून जड केलेला दुसऱ्याचा माल ती नुसत्या हाताच्या अंदाजानं ओळखायची. फाटकी नोट आत दुमडून दिली तर गिऱ्हाईक दहा पावलं जायच्या आत ओरडायची, "ओ भाऊ, देवाला वाहायला फूल नेताय ना? मग देवाच्या बाजारात असलं करू नये!" गिऱ्हाईक बिचारं लाजून परत यायचं.

तिचा नवरा रावजी लवकर गेला. पोटात गाठ होती, दवाखाने फिरून निदान होईपर्यंत खेळ खलास. पदरात एकच पोरगी, भाग्यश्री. दीर मळा मागायला आले तर ही खुरपं घेऊन बांधावर उभी राहिली. "कसायचं असेल तर माझ्याकडं मजुरीला या," म्हणाली. असली बाई. मला तिचा राग यायचा, कारण कोणाचं ऐकायची नाय. आणि अभिमानपण वाटायचा, कारण ऐकायची तिला गरजच पडायची नाय.

पण जावयाचं नाव काढलं की हिचं पाणी व्हायचं.

जावई म्हणजे कुंदन. सिन्नरला औद्योगिक वसाहतीतल्या एका कारखान्याचा टेम्पो चालवायचा, गुजरातपर्यंत माल न्यायचा. पोरगा व्यसनी नाय, हात उचलणारा नाय, पण राग कायम नाकावर. लग्नाच्या बोलणीत सोन्याची अंगठी कबूल झाली होती. त्याच साली रावजीच्या दवाखान्यात सगळं गेलं, म्हणून लग्नात अंगठीऐवजी घड्याळ दिलं. झालं! घड्याळ त्यानं मनगटाला लावलं नाय, खिशात टाकलं, आणि तेव्हापासून सासूच्या उंबऱ्याला पाय लावला नाय. बायकोलाही सणासुदीला धाडायचा नाय. मी मालनला म्हणायचे, "अगं, अंगठीवाचून बोट काय गळून पडतं का त्याचं? दोन शब्द सुनाव की." तर ही बाजारभर जिची जीभ चालते ती बाई मान खाली घालून निशिगंधाच्या जुड्या बांधायची. "जावयाला कोण विचारणार भागा? लेक त्यांच्या घरात हाय."

दोन हजार सात साल होतं ते. भाग्यश्रीला दिवस गेले, सातवा लागला होता. पहिलं बाळंतपण माहेरी व्हायचं, ही जगाची रीत. मालनचा जीव त्यावरच टांगलेला. पोरीला घरी आणायचं, तेला-तुपात न्हाऊ घालायचं, नातवंड पहिल्यांदा आपल्या मांडीवर घ्यायचं. रोज तेच बोलणं. पण रुसलेला जावई पोरीला धाडणार कसा?

त्यात अधिक महिना आला. आमच्याकडं त्याला धोंड्याचा महिना म्हणतात. त्या महिन्यात लग्नं नसतात, म्हणून हारांचा धंदा बसतो. पण गोदावरीवर स्नानाला माणूस येतं, त्यावर सुटी फुलं खपतात. आणि या महिन्यात जावई म्हणजे नारायण. त्याला लेकीसकट बोलवायचं, पुरणाचे धोंडे करून वाढायचे, अनारशांचं वाण द्यायचं, आणि ऐपत असेल तसं चांदी-सोनं. जावई मागेल ते नाय म्हणायचं नाय. मालननं ठरवलं, राहिलेली अंगठी धोंड्यात घालायची. दिवाळीपासून ती झेंडूचा एकेक पैसा बाजूला टाकत होती. त्यात पाटल्या मोडून भर घातली.

"अंगठी बोटात गेली की राग निघून जाईल," मला म्हणाली. "मग तिथंच म्हणेन, आता लेकीला बाळंतपणाला ठेवा. धोंड्यात म्हटलेलं मोडत नाय कोणी."

सोनाराकडं जायचा दिवस ठरला. पैसे बँकेतून काढायचे होते, सरकारी बँक, मेनरोडला. आणि आदल्या दिवशी दुपारी, गिऱ्हाईक ओसरलं होतं, आम्ही भाकर सोडून बसलो होतो, तेव्हा तिचा मोबाइल वाजला.

मोबाइल जुनाच घेतला होता, लेकीशी बोलायला म्हणून. भाग्यश्रीकडं फोन नव्हता. कुंदनच्या नंबरावर लावायचा, त्याची मर्जी असली तर तो बायकोकडं द्यायचा. म्हणून फोन वाजला की मालनचं काळीज आधी वाजायचं. मी शेजारीच होते. तिकडचं मला ऐकू येत नव्हतं. हिचं सगळं ऐकलं.

"हालो. कोण?"

मग जरा थांबून, "आवाज नाय ओळखला..."

आणि मग एकदम चेहरा उजळला. पदर डोक्यावर घेतला, जणू माणूस समोर उभा हाय. "अगं बाई! कुंदनराव का?"

हे इथंच घडलं बघा सगळं. नंतर मी तिच्याकडून शब्द न् शब्द वदवून घेतलं. तिकडचा फक्त म्हणाला होता, "आई, मी बोलतोय. ओळखलं नाही का?" मेल्यानं नाव सांगितलं नव्हतं. नाव हिनं दिलं. ज्याची वाट बघत होती त्याचंच नाव तोंडातून निघालं.

पुढंही तसंच. तो म्हणाला, मोठ्या अडचणीत आहे. ही म्हणाली, "गाडी ठोकली का काय कुठं?" तो म्हणाला, हो, ठोकली. ही म्हणाली, "गुजरातेत?" तो म्हणाला, हो, वापीजवळ. आवाज वेगळा का लागतोय? तर तोंडाला मार लागलाय. ही म्हणाली, "आमच्या भाग्यश्रीला कळवलं का? तिचे दिवस भरत आलेत हो." आणि मग तो मोठ्या काळजीनं म्हणतो, "भाग्यश्रीला यातलं काही सांगू नका आई, या दिवसांत तिला धक्का बसेल." गुजरातचं नाव, पोरीचं नाव, पोटातलं पोर, सगळं हिच्याच पाटीतलं. त्यानं फक्त उचलून हिच्याच ओटीत टाकलं.

ज्याला धडक बसली त्याचे नातेवाईक पैसे मागतायत, नायतर पोलिस केस होईल, असं म्हणाला. जुना फोन पोलिसांनी ठेवून घेतलाय, त्या नंबरावर लावू नका, नसता पुरावा होईल. हा नंबर एका भल्या माणसाचा. त्याच भल्या माणसाच्या मित्राचं खातं हाय, त्यात पैसे भरा. बँक बंद व्हायच्या आत. परत आल्यावर पहिल्यांदा तुमच्याकडंच येतो.

मालननं पुडीच्या वर्तमानपत्राच्या कोपऱ्यावर खात्याचा नंबर लिहून घेतला. चौथी शिकलेली, आकडे ठसठशीत काढते. फोन ठेवला आणि तिच्या डोळ्यांत, काय सांगू तुम्हाला, आनंद होता. अपघाताची बातमी ऐकून आनंद!

"भागा, मला आई म्हणाले गं. दोन वर्षांत पहिल्यांदा."

मी म्हटलं, "आई? कुंदन तर तुला मामी म्हणतो. लग्नातपण मामीच म्हणत होता."

"संकटात माणसाला आईच आठवते."

"मालन, आधी त्याच्या जुन्या नंबरावर लाव."

"ते नको म्हणालेत."

"नको म्हणाला म्हणूनच लाव! बरं, तिथं नाय तर सिन्नरला त्याच्या घरी शेजारी कोणी असेल, त्यांना विचार कुंदन कुठं हाय. नायतर याच नंबरावर परत लाव आणि घरातलं एखादं विचार. लग्नात काय दिलं होतं विचार. घड्याळ म्हणाला तर कुंदन."

ती माझ्यावर चवताळली. "घड्याळाचंच विचारू? ज्याच्यावरनं रुसले तेच? तिकडं रक्तात पडलेत, आणि मी सासू म्हणून परीक्षा घेऊ, तुम्ही खरे का खोटे? अगं, लेक नांदवायचीय मला. धोंड्याच्या महिन्यात जावई तोंड उघडून मागतो आणि मी पुरावा मागू?"

"माग! जीव गेला तरी चालेल, पण माग!"

"तुला लेक नाय भागा. तुला नाय कळायचं."

मला लेक नाय हे खरं हाय. ती पाटी माझ्यावर सोडून गेली, आणि तिचा झेंडू विकत बसले मी.

बँकेतलं तिनंच नंतर सांगितलं. अंगठीचे पैसे तिनं तिच्या खात्यातून काढले आणि त्याच बँकेच्या दुसऱ्या खात्यात भरायला दिले. खातं कुठल्या तरी लांबच्या शाखेतलं, पण आता कॉम्प्युटर आल्यामुळं कुठूनही भरता येतात म्हणे. खिडकीतल्या बाईनं स्लिपवरचं नाव वाचून विचारलं, "मावशी, हा कोण तुमचा?" मालन म्हणाली, "जावयाच्या मित्राचा मित्र." ती बाई म्हणाली, "ओळखीचा नाही तर एकदा घरी फोन करून खात्री करा. मी थांबते." थांबलीसुद्धा बिचारी. पण मालननं फोन काढला तो नुसता हातात धरून उभी राहिली. मागं रांग होती. "भरा ताई," म्हणाली. बाईनं शिक्का मारला.

बाहेर येऊन तिनं त्या नव्या नंबरावर लावला, पैसे पोचले का विचारायला. फोन बंद. बाजारात आली तरी बंद. माझ्या पाटीशी येऊन बसली. मी तिच्या हातातून मोबाइल घेतला, कुंदनचा जुना नंबर काढला आणि लावून तिच्या कानाला धरला. लगेच उचलला त्यानं.

"मामी? बोला."

पलीकडं टीव्ही लागलेला मलापण ऐकू आला. मालनचा चेहरा पांढराफटक. म्हणाली, "काय नाय... धोंड्याचं आवतण द्यायचं होतं. जेवायला या म्हटलं." तो म्हणाला, "बघू." आणि ठेवला.

मी म्हटलं, "उठ. आत्ताच्या आत्ता बँकेत जायचं. दार लावलं असेल तर ठोकायचं. तिथून पोलिस स्टेशन. ते खातं अडवतील."

"नको."

"का नको?"

"पोलिसात लिहून घेतील, जावयाच्या नावानं पैसे गेले. लोक म्हणतील, जावयानंच सासूला बुडवलं. सिन्नरला कळलं तर पोरगी जन्मात येणार नाय."

मी पाया पडले तिच्या, ओरडले, शिव्या दिल्या. पण ती रस्त्यावर मांडी घालून बसलेली उठली नाय. त्या संध्याकाळी तिच्यापुढं निशिगंध तसाच सुकला.

दुसऱ्या दिवशी मी तिला हाताला धरून नेलीच. बँकेतल्या साहेबांनी कॉम्प्युटरमध्ये बघितलं आणि कपाळाला हात लावला. एटीएममधून एका दिवसात काढायला मर्यादा असते. काल त्या चोरानं मर्यादेइतके काढले. उरलेले रात्रभर खात्यातच होते. आज सकाळी काढून नेले. "काल तक्रार दिली असती तर उरलेले तरी थांबवता आले असते हो मावशी," साहेब म्हणाले. ते काही रागानं बोलले नाय, आणि त्यामुळंच जास्त लागलं.

पोलिसांनी अर्ज घेतला. हवालदार समजूतदार होता. म्हणाला, खातं कुठल्या तरी हमालाच्या नावावर असेल, त्याला चार पैसे देऊन कार्ड या लोकांनी घेतलेलं असतं. सिमकार्डाचे कागदपण खोटेच. "बघू," म्हणाला. जावईपण बघू, हवालदारपण बघू. निघताना त्यानं मालनला समजावलं, "बाई, नवीन नंबरावरून कोणी घरचा म्हणून बोलला, तर आपण नाव घ्यायचं नाही. त्यालाच विचारायचं, तू कोण ते सांग. मग फोन ठेवायचा आणि आपल्याकडं असलेल्या जुन्या नंबरावर लावायचा. तो नाही लागला तर घरच्या दुसऱ्या माणसाला विचारायचं, परक्याला ठाऊक नाही असं काहीतरी विचारायचं. खरा माणूस रागावला तरी उत्तर देतो."

मालन म्हणाली, "जावईसुद्धा?"

हवालदार हसला. "जावईसुद्धा. मी पण जावई आहे कोणाचा तरी."

मला वाटलं, एवढ्यावर निभावलं. पण बाजाराला तोंड असतं. कोणी काय सांगितलं देव जाणे, फिरत फिरत बातमी सिन्नरला गेली ती अशी, की मालनबाई म्हणते जावयानं फोन करून अंगठीचे पैसे उकळले. कुंदनचा फोन आला. एवढा मोठ्यानं बोलत होता की मलापण ऐकू आलं. "माझ्या नावानं पैसे वाटता होय मामी? दोन वर्षं झाली, जावयाचा आवाज ओळखू येत नाही? आणि वर मलाच चोर करता?" मालन रस्त्यात उभी राहून, फोनला हात जोडून "नाय हो, नाय हो" करत होती. धोंडे झाले नायत. अनारसे तिनं केले होते, ते गोदावरीकाठच्या भिकाऱ्यांना वाटून टाकले. भाग्यश्री आली नाय.

त्यानंतरची मालन वेगळीच. नवा नंबर दिसला की डोळे बारीक करायची. एक-दोनदा बक्षीस लागल्याचे फोन आले, त्यांना तिनं असं झोडपलं की आख्खा बाजार गोळा होऊन हसला. जुनी मालन परत आली असं आम्हाला वाटलं. मीच म्हटलं, "शाब्बास वाघिणी!"

आषाढातला दिवस होता. झिमझिम चालू, प्लॅस्टिकखाली पाट्या. फोन वाजला, तिनं नंबर बघितला, ओळखीचा नव्हता. उचलला. ऐकलं. आणि एकदम फुटलीच.

"परत आलास का रे मुडद्या? कुंदन म्हणतोस? पैसे पाहिजेत? तुझ्या मढ्यावर घालीन पैसे! एकदा खाल्लेस ते पचले नाय का? ठेव फोन, तुझं वाटोळं होईल!"

बायका टाळ्या पिटायला लागल्या. फोन परत वाजला. परत तोच नंबर. "बघ बघ, निर्लज्ज," म्हणत तिनं फोन बंदच करून टाकला आणि कमरेच्या पिशवीत कोंबला. आम्ही सगळ्या खूश. चहा मागवला तिनं त्या दिवशी, स्वतःच्या पैशानं.

अंधारून आलं तेव्हा प्लॅस्टिकखाली कोणीतरी वाकून आलं. कुंदन. अंगावर भिजलेला शर्ट, शर्टाच्या बाहीला रक्त. मनगटाला घड्याळ होतं. तेच, लग्नातलं. मी ओळखलं.

"मामी," म्हणाला, "फोन का ठेवला?"

तिनं कमरेच्या पिशवीतला बंद फोन चाचपला.

त्याचं सांगणं असं. भाग्यश्रीला अचानक रक्त जायला लागलं. सिन्नरहून गाडी करून नाशिकला सिव्हिलला आणलं. घाईत त्याचा मोबाइल बंद पडला, चार्जिंग संपलं. मालनचा नंबर त्याला पाठ होता, हे त्यानंच सांगितलं. हॉस्पिटलबाहेरच्या लाल डब्याच्या फोनात रुपया टाकून त्यानं लावला. "मी म्हटलं, मामी, मी कुंदन बोलतोय, सिव्हिलला आहे. रक्ताला पैसे कमी पडतायत, घेऊन या, लवकर या, ती तुम्हालाच बोलावतेय. पैसे म्हटल्याबरोबर तुम्ही शिव्या द्यायला लागलात. पुढचं काही ऐकलंच नाहीत."

घेऊन या, म्हणाला होता. ठगानं कधी "या" म्हटलं नाय, नुसतं "भरा" म्हटलं होतं. आणि हा "मामी" म्हणाला होता. नंबरपण मोबाइलचा नव्हता. नाशिकचाच साधा फोन होता, झिरो दोन पाच तीनवाला. एक गोष्ट विचारली असती, लग्नात काय दिलं एवढंच, तरी तो म्हणाला असता, घड्याळ, आणि बाकीच्या शिव्या मागाहून दिल्या असत्या. हवालदारानं विचारायला शिकवलं होतं. हिनं तोडायला तेवढं शिकून घेतलं.

"पोरगी?" मालन म्हणाली.

"आहे. मित्रांनी रक्त दिलं." मग तो खाली बसला, ओल्या फुलांवरच. "पोरगा होता. नाही राहिला."

रिक्षानं आम्ही गेलो. गणेशवाडीपासून सिव्हिल ते काय लांब. दिवसभर पोरगी एवढ्या अंतरावर होती, आणि आम्ही चहा पीत होतो.

भाग्यश्री खाटेवर कुशीवर पडली होती. पोर आधीच नेलं होतं. मालन तिच्या पायाशी उभी राहिली, जवळ जायची हिंमत होईना. नर्स म्हणाली, "हीच का आई? सारखी आई आई करत होती." भाग्यश्रीनं डोळे उघडले, आईकडं बघितलं. रागावलीपण नाय. म्हणाली, "ह्यांनी दोनदा लावला आई. मी म्हटलं, परत लावा, माझं नाव सांगा, ती उचलेल." आणि तोंड भिंतीकडं केलं.

मालननं तिच्या पायावर हात ठेवला. पोरीनं पाय ओढून घेतला. आवाज न करता, हळूच. मी बघितलं.

कुंदन तेवढा बदलला. त्यानं पुन्हा कधी अंगठीचं नाव काढलं नाय. सणाला एकटा येऊन जातो, चहा घेतो, "मामी, तब्येत बरी का," विचारतो. जावई मिळाला, असं म्हणायला पाहिजे खरं तर. पण भाग्यश्री येत नाय. फोनवर येत नाय. कुंदननं तिला वेगळा मोबाइल घेऊन दिलाय, त्याचा नंबर ती आईला देऊ देत नाय. तो बिचारा दोघींच्या मधी अडकलाय. "थोडं थांबा मामी," म्हणतो. दोन वर्षं झाली थांबून.

पोलिसांचं काहीच आलं नाय. यायचं नव्हतंच.

आता मालन बाजारात गप असते. फाटकी नोट आली तरी ठेवून घेते. मी ओरडते, "बघ की, अर्धी नोट दिली त्यानं," तर म्हणते, "जाऊ दे." एकच गोष्ट ती सोडत नाय. फोन. आंघोळीलासुद्धा बाहेर उंबऱ्यावर ठेवून बसते म्हणे. बंद कधी करत नाय. ओळखीचा नंबर आला तर सावकाश उचलते. पण अनोळखी नंबर दिसला, मग तो कंपनीचा असो, गाणं विकणारा असो, चुकून लागलेला असो, ती हातातली जुडी टाकते, पदर सावरते, कान दाबून धरते. समोरचा बोलायच्या आधीच विचारते,

"कोण? भाग्यश्री का?"

आधी मी सांगायचे तिला, अगं, आपण नाव घ्यायचं नसतं, त्याला सांगू द्यायचं असतं. किती वेळा सांगितलं. आता सांगत नाय. तिच्या पाटीवरच्या फुलांवर पाणी मारते आणि गिऱ्हाईक आलं तर मीच देऊन टाकते.